साहेबांचं शिफारसपत्र

पुतणीचा सीव्ही काकांनी हातात घेतला तो लाल पेन उघडूनच. नोकरीत असताना त्यांनी लोकांचे अर्ज गठ्ठ्यांनी निकालात काढले होते, तेव्हा या बाबतीत त्यांना शिकवायची कुणाची टाप होती! शिष्यवृत्ती मिळाली तर पोरीचं पुढचं शिक्षण होणार, नाहीतर इथेच थांबणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आधी शैक्षणिक गौरव, ताजा वर, जुना खाली. मग प्रकल्प, मग सेवाकार्य, शेवटी शिफारस देणारे. शाब्बास! पण हे काय? पाणी शुद्ध करायचं यंत्र, चाचणीत अपयशी? आपलीच फजिती कुणी छापून देतं का? काढ ते."

"अहो काका, वर्षभर त्यावरच राबले मी. का फसलं तेही लिहिलंय."

"झाकली मूठ सव्वा लाखाची!" म्हणत काकांनी ओळीवर काट मारली. शिफारस देणाऱ्यांत विभागप्रमुख राहिले, प्रयोगशाळेतल्या मॅडम मात्र उडाल्या. "यांना ओळखतं कोण? माझे मोठे साहेब घाल."

"ते मला कुठे ओळखतात?"

"मला ओळखतात ना!"

ऑनलाइन अर्जात नाव भरताच शिष्यवृत्तीच्या कार्यालयाकडून साहेबांना शिफारसपत्र पाठवायची लिंक परस्पर गेली. साहेब दिलदार माणूस. त्यांनी पत्र पाठवलं आणि प्रेमाने एक प्रत काकांनाही धाडली. काकांनी घरादाराला बसवून ती मोठ्याने वाचली.

"अर्जदार मुलीला मी एकदाच, एका लग्नात पाहिलं आहे. तिच्या काकांना मात्र मी चांगला ओळखतो. वक्तशीर, निष्ठावंत, शब्दाचा पक्का माणूस..." पुढे पानभर काकाच काका. तो भाग त्यांनी दोनदा वाचला. उभ्या नोकरीत साहेब इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. पत्र संपलं तरी पोरीबद्दल आणखी एक ओळही आली नाही, तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"छान आहे हो," पुतणी म्हणाली. "शिष्यवृत्ती तुम्हालाच मिळणार."

आलेलं पत्र आता मागे घेता येत नव्हतं. अर्ज मात्र अजून पाठवायचा होता आणि तिसऱ्या, ऐच्छिक शिफारशीची जागा रिकामी होती. काका सकाळीच प्रयोगशाळेत हजर झाले.

मॅडमनी सीव्ही वरपासून खालपर्यंत वाचला. "यात ते यंत्रच नाही! फसल्यावर पोरगी रडली नाही, सगळं पुन्हा तपासत बसली. मी लिहीन ते त्यावरच. गाळलं कुणी?"

"नजरचुकीने राहिलं," काका म्हणाले आणि स्वतःचीच लाज वाटून त्यांनी मान खाली घातली. "नाही, मॅडम. मीच काढलं."

लाल पेनाने त्यांनी प्रकल्पांच्या डोक्यावर स्वतः लिहिलं: पाणी शुद्ध करायचं यंत्र, चाचणीत अपयशी.

"आणि आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

साहेबांचं पत्र घडी करून खिशातच होतं. काकांचा हात तिकडे गेला आणि तसाच मागे आला.

"तिचा काका," ते म्हणाले.