दर वेळी मोठं बटण

श्रवणयंत्रांच्या कंपनीत ती ग्राहकांची पसंती मोजायची. लोकांना सरळ विचारलं, तर त्यांना सगळंच हवं असतं, तेही फुकटात. म्हणून ती स्क्रीनवर तीन-तीन यंत्रं मांडायची: एक कानात लपणारं पण महाग, दुसरं मोठ्या बटणाचं, तिसरं स्वस्त पण चार्जिंग लवकर संपणारं. त्यातलं एकच निवडायचं. मग गुण आणि किमती उलटसुलट जोडून पुन्हा तेच. माणूस काय मिळवायला काय सोडतो, यावरून प्रत्येक गोष्टीचं वजन काढता यायचं.

काहीजण मात्र दर वेळी मोठं बटणच निवडत, किंमत काहीही असो. ‘हे न वाचता टिचक्या मारणारे’ म्हणून तिने त्यांची उत्तरं वगळली. तशी रीतच होती. पण ही माणसं प्रत्येक पानावर चांगली रेंगाळली होती, हेही तिला दिसलं होतं. अहवालाची घाई होती, तिने डोळेझाक केली. उरलेल्यांचा कौल लपणाऱ्या यंत्राला गेला आणि मोठ्या बटणाचं मॉडेल बंद झालं.

पुढे तिच्या आईचं जुनं यंत्र बिघडलं. दुकानात फक्त नवं, छोटं होतं. संधिवाताने वाकडी झालेली आईची बोटं त्या इवल्याशा बटणावरून घसरत राहिली. दुकानदार धीराने पुन्हापुन्हा दाखवत होता.

“राहू दे गं,” आई शेवटी म्हणाली. “तसंही माझ्याशी बोलायला कोण येतंय?”

तिला प्रत्येक पानावर रेंगाळलेली ती माणसं आठवली.

ऑफिसात जाऊन तिने वगळलेली उत्तरं परत घेतली, तो गट वेगळा काढला आणि साहेबांपुढे ठेवला. “चूक माझी आहे. ही माणसं बेफिकीर नव्हती. यांना दुसरं चालणारच नाही.”

साहेबांनी आलेख निरखला. “किंमत दीडपट केली तर किती गळतील?”

तिने आकडे फिरवले. “जवळजवळ कुणीच नाही.”

“मग आणू या परत. दीडपटीने.”

“साहेब, ही पसंती नाही, नाइलाज आहे.”

“तुमच्या आकड्यांत दोन्ही वेगळं दिसतं का?”

दिसत नव्हतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

मॉडेल परत आलं. तिने आईसाठी एक घेतलं, किंमत सांगितली नाही. आईने बटण दाबलं, मान कलती करून ऐकलं आणि समाधानाने म्हणाली, “तुमच्या कंपनीत कुणीतरी म्हाताऱ्यांचा विचार करणारं आहे हो.”

ती पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत गेली.