झाकणाच्या आतला फोटो

ऑफिसात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण ते खरंच होतं. वापरलेल्या वस्तू ऑनलाइन विकणारी कंपनी होती ती. विकायला आलेल्या इअरबड्सचे आणि हेडफोन्सचे फोटो बघायचे आणि माल अस्सल की नकली ते सांगायचं, एवढंच तिचं काम. वस्तू हातात यायची नाही आणि माणूस समोर यायचा नाही. विकणाऱ्याला पाठवायची वाक्यंसुद्धा कंपनीनेच ठरवून दिलेली. ‘फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ फोटो काढा.’ ‘झाकणाच्या आतला फोटो पाठवा.’ दिवसभर अशा वाक्यांवर पोट भरायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर जाऊन कुणाशीही न बोलता झोपायचं, असं तिचं चाललं होतं. आपला आवाज कसा आहे हे दुकानात काही मागताना तिचं तिलाच नव्याने कळायचं.

आई गेल्यापासून घरचा फोनही आटला होता. आई असताना तीच दोघांच्या वाटचं बोलायची. लेकीची खबर बाबांना आणि बाबांची लेकीला, सगळा कारभार तिच्याकडे. बाबा कारखान्यात फोरमन होते. यंत्राच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग खराब झालंय ते ओळखणारा माणूस, पण फोन हातात आला की “बरी आहेस ना? बरं,” यापुढे गाडी जायची नाही. तिचंही तेच. बापाची लेक, दुसरं काय! आता फोन झालाच तर दोघंही लगेच कुकर लावलाय किंवा दारात कुणी आलंय असं सांगून सुटका करून घ्यायचे.

अशात एके दिवशी बाबांचा मेसेज आला. सोबत फोटो. पांढरी डबी, उघडं झाकण, आत दोन पांढरे इअरबड्स, आणि शेजारी मापाला स्टीलची पट्टी ठेवलेली. खाली लिहिलं होतं, ‘घर फार शांत वाटतं म्हणून गाणी ऐकायला घेतले. मोठ्या कंपनीचे आहेत असं दुकानदार म्हणतो. खरे का? नसतील तर तो आठवडाभरात परत घेईल.’

तिने फोटो मोठा केला आणि तिथेच निकाल लागला. बिजागरी आरशासारखी चकचकीत होती. अस्सलची मंद असते. इअरबडच्या पोटाशी सेन्सरची काळसर खिडकी पृष्ठभागाशी सपाट बसलेली असायला हवी. इथे काळा ठिपका नुसता चिकटवला होता आणि त्याची कड वर आली होती. आवाजाच्या जाळीभोवती डिंकाची रेघ दिसत होती. नकली, आणि तेही सुमार नकली. एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं.

पण तिचा अंगठा अडला. उत्तर दिलं की बाबा ‘बरं’ लिहिणार आणि पुन्हा महिनाभर सामसूम. फोटोच्या कडेला जेवणाचं टेबल दिसत होतं, त्यावर एकच पाण्याचा पेला.  तिने लिहिलं, ‘एका फोटोवरून सांगता येत नाही बाबा. चार्जिंगच्या भोकाचा पाठवा. खिडकीजवळ काढा.’

फोटो आला. भोकाची कड ओबडधोबड होती. मागे खिडकीत आईच्या कुंड्या होत्या, पाणी घातलेल्या. ‘कुंड्या छान आहेत,’ असं तिने लिहिलं. ‘एक वाळली. बाकीच्या जगल्या,’ असं उत्तर आलं. त्यांच्यात इतकं बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मग तिला चटकच लागली. डबीवरच्या सिरियल नंबरचा फोटो मागितला. तो आल्यावर तिने समजावून सांगितलं, की नुसत्या नंबरावर विश्वास नसतो ठेवायचा, नकलीवाले एकच खरा नंबर हजारो डब्यांवर छापतात. बाबांनी विचारलं, ‘मग फोनला जोडल्यावर स्क्रीनवर कंपनीचं चित्र येतं, ते?’ तिने लिहिलं, ‘त्याचीही नक्कल करतात.’ ‘चोर हुशार आहेत,’ बाबा म्हणाले, आणि कारखान्यात एकदा नकली सुटे भाग कसे पकडले ती गोष्ट त्यांनी तीन मेसेजांत लिहून पाठवली. तिने ती गोष्ट कधीच ऐकली नव्हती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “काय गं भिंग, फोनकडे बघून हसतेस? कुणी सापडला की काय?” “सापडलाय,” ती म्हणाली, आणि कुणाचं नाव काही सांगितलं नाही.

मन मात्र खात होतं. म्हातारा माणूस विश्वासाने विचारतोय आणि आपण माहीत असून त्याला झुलवत ठेवतोय. आठवडा संपत आला होता. दुकानदाराने हात वर केले तर बाबांच्या गळ्यात तो भंगार माल राहणार, आणि तो आपल्या एकटेपणापायी. तिला स्वतःची लाज वाटली. शेवटी दुपारच्या सुट्टीत तिने ठरवलं, आजच सांगून टाकायचं. फक्त एक फोटो अजून. शेवटचा. ‘झाकण उघडून आतली अक्षरं दिसतील असा काढा, आणि एक इअरबड आडवा ठेवा.’

या वेळी फोटो यायला उशीर लागला. आला तेव्हा ती ‘बाबा, नकली आहेत’ असं लिहूनच बसली होती. पाठवण्याआधी सवयीने फोटो मोठा केला आणि तिची नजर थबकली.

बिजागरी मंद होती. झाकणातली अक्षरं बारीक, करडी, सरळ रेषेत. जाळी आत, स्वच्छ बसलेली, डिंकाचा मागमूस नाही. सेन्सरची खिडकी बोट फिरवलं तरी लागणार नाही अशी सपाट. अस्सल माल होता.

आपली नजर फिरली की काय, असं वाटून ती घाबरली. मग तिने पहिला फोटो काढून या फोटोशेजारी लावला. पट्टी तीच होती, टेबल तेच, मात्र जोडी दुसरी.

‘बाबा, ही जोडी वेगळी आहे,’ तिने लिहिलं.

पलीकडे ‘टाइप करत आहे’ असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं.

‘हो. ती कधीच परत केली. नकली होती. घरी आणून पट्टीशेजारी ठेवली तेव्हाच डिंक दिसला होता. तुला फोटो त्यानंतर पाठवला.’

आणि थोड्या वेळाने: ‘तू मागशील म्हणून बाकीचे फोटो परत करण्याआधीच काढून ठेवले होते. हा नव्हता. म्हणून शेजारणीच्या लेकीची जोडी मागून आणली. तू फोटो मागत होतीस, नाही म्हणवेना.’

 नकली जोडी परत करून बसलेला माणूस लेकीने मागितलेल्या फोटोसाठी शेजारच्या दारात उभा राहिला होता. आयुष्यात कुणाकडे काडी न मागितलेला माणूस. तिने लिहून ठेवलेलं पुसलं, खुर्ची मागे सारली आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“काय गं, अजून कुठला फोटो पाहिजे?”

“काही नको बाबा. फोटो नको.”

“मग?”

“काही नाही. असंच.”    आता बाबा कुकरचं नाव काढणार म्हणून तिने फोन कानाशी घट्ट धरला.

“शेजारीण म्हणाली,” बाबा घसा खाकरून म्हणाले, “जोडी संध्याकाळी आणून दिली तरी चालेल. घाई नाही मला. तू बोल.”