कारण : आईचं लग्न

सावनी देशपांडे तेलवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होती. सहा महिन्यांचा करार संपवून ती मार्चमध्ये उस्मानपुऱ्यातल्या घरी आली, तेव्हा पुढची तारीख ठरलेलीच होती. अठरा जूनला फुजैराह बंदरात जहाजावर चढायचं, तिथल्या सेकंड ऑफिसरला मोकळं करायचं, आणि हा करार पुरा झाला की चीफ ऑफिसर म्हणून बढती. परीक्षा पास होऊन दोन वर्षं झाली होती. आता फक्त जागा मिळायची होती.

मेच्या मध्यावर एका सकाळी नळाला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात ते आठव्या दिवशी यायचं, म्हणून सावनी आणि तिची आई भानुमती दोघी पिंपं भरत होत्या. हातातली बादली खाली न ठेवता भानुमती म्हणाली, "करमाडचे नानासाहेब आहेत ना, त्यांनी मला विचारलंय. मी हो म्हणणार आहे."

नानासाहेब सावनीला माहीत होते. आई भूमी अभिलेख कार्यालयात कारकून होती तेव्हापासून. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची अर्धी जमीन गेली, त्या मोजणीच्या कागदांसाठी ते वर्षभर खेटे घालत होते. पुढं कागद संपले तरी ते येत राहिले. कधी मोसंब्या घेऊन, कधी नुसतेच. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, सावनीच्या बाबांना जाऊन नऊ.

"कधी?" सावनीनं विचारलं.

"तू काय म्हणशील ते आधी कळू दे."

"मी तेच म्हणतेय. कधी?"

भानुमतीनं बादली पिंपात ओतली आणि पदरानं तोंड पुसलं. बराच वेळ ती तोंड पुसतच राहिली.

लग्न कचेरीत नोंदणी पद्धतीनं करायचं ठरलं. दोघांनाही भटजी, मांडव, पंगती काही नको होतं. पण नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस देण्याआधीच अडलं. नानासाहेबांच्या पहिल्या बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलेलं होतं. ग्रामसेवक म्हणाला, दुरुस्त दाखला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल. म्हणजे लग्न जुलैच्या मध्याच्या आत होत नव्हतं.

साक्षीदार तीन लागणार होते. नानासाहेबांकडून त्यांचे शेजारी धोंडिबा तयार होते. भानुमतीच्या जुन्या कार्यालयातल्या सारजाबाई यायला तयार होत्या. तिसऱ्या साक्षीदारासाठी भानुमतीनं नात्यातल्या चार घरी फोन केले. एकानं प्रकृतीचं कारण सांगितलं, एकानं मुलाच्या परीक्षेचं, दोघांनी काहीच सांगितलं नाही.

"तिसरी मी," सावनी म्हणाली.

"तू समुद्रावर असशील."

"नसेन."

बावीस मेला तिनं कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला पत्र लिहिलं. तिथले क्रूइंग मॅनेजर मिहिर दातार हेच कोणी कधी, कुठल्या जहाजावर जायचं ते ठरवायचे. पत्र इंग्रजीत होतं, पण मजकूर साधा होता. 'माझी उपलब्धतेची तारीख अठरा जून आहे. ती पंचवीस जुलै करावी, ही विनंती. कारण घरचं कार्य. फुजैराहला माझ्याऐवजी दुसरं कोणी पाठवता यावं म्हणून चार आठवडे आधी कळवते आहे.'

'घरचं कार्य' हे शब्द भानुमतीचे होते. सावनीनं आधी 'आईचं लग्न' असं लिहिलं होतं. आईनं मागं उभं राहून वाचलं आणि म्हणाली, "तेवढं खोडून टाक गं. ऑफिसातल्या लोकांना कशाला?" सावनीनं खोडलं, पण ते तिला आवडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दातारांचा फोन आला.

"सावनी, घरचं कार्य म्हणजे काय? मला वर कारण द्यावं लागतं. तुझं स्वतःचं लग्न असेल तर पंचेचाळीस दिवस वाढवता येतात, माझ्या अधिकारात आहे. सख्ख्या भावंडाचं असेल तर पंधरा. कुणाचं आहे?"

"आईचं, सर."

"आईचं काय?"

"लग्न. आईचं लग्न आहे."

दातारांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, माझ्याकडे तसा रकानाच नाही. एक काम कर. तू स्वतःचं लग्न म्हणून लिही. मी आजच मंजूर करतो. नंतर मोडलं म्हणून सांग, कोणी विचारायला येत नाही."

माणूस भला होता, हे सावनीला कळत होतं. एका ओळीचं काम होतं. जागा राहिली असती, बढती राहिली असती, सगळं राहिलं असतं.

"नाही सर," ती म्हणाली. "माझ्या आईचं लग्न मी माझ्या नावावर लपवणार नाही."

"लपवायचं कोण म्हणतंय? सोय आहे."

"माझी सोय होईल. तिच्या बाबतीत ते खोटंच."

"मग मला वर पाठवावं लागेल. आणि वरचं उत्तर मी आत्ताच सांगतो. फुजैराहचा सेकंड ऑफिसर सात महिने जहाजावर आहे, उतरायची वाट बघतोय."

"त्याच्यासाठीच तर आधी कळवलंय. चार आठवड्यांत दुसरा अधिकारी मिळत नाही, असं म्हणू नका. मागच्या वेळी तुम्ही मला सहा दिवसांत पाठवलं होतं."

त्यावर दातार नुसते हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

आठवड्यानं उत्तर आलं. विनंती मान्य करता येत नाही. अठरा जूनला उपलब्ध नसल्यास नाव 'अनुपलब्ध' म्हणून नोंदलं जाईल आणि बढतीच्या यादीतलं स्थान पुन्हा तपासलं जाईल.

ते पत्र भानुमतीनंही वाचलं. "तू जा," ती म्हणाली. "आम्ही डिसेंबरात करू. इतकी वर्षं थांबलोच ना."

त्या दिवशी नानासाहेब आले होते. विहिरीला पाणी नाही म्हणून मोसंबीची बाग तोडावी लागली, ते सांगत होते. भानुमतीचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "बाई बरोबर बोलतेत. लेकराच्या नोकरीहून लगीन मोठं नाय. मी थांबतो. मला काय घाई हाय."

"मला आहे," सावनी म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात बाबांचे मोठे भाऊ, व्यंकटराव होते. त्यांनी नानासाहेबांकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. खुर्चीवर बसून ते सावनीला म्हणाले, "तू कधी निघतेयस?"

"बोलावलंय अठराला."

"मग जा वेळेवर. चांगली नोकरी आहे. तू गेलीस की इथलं हे सगळं आपोआप शांत होईल. तिसरी सही कोण करणार आहे? आपल्यातलं कोणी करणार नाही, मी बोललोय सगळ्यांशी. त्यात जुलैचा मध्य म्हणजे चातुर्मास. चातुर्मासात लग्नं होत नाहीत, एवढं तरी कळतं ना तुझ्या आईला?"

भानुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नानासाहेब उठून जायला लागले, तेव्हा सावनीनं त्यांना हातानंच बसा म्हटलं.

"मोठे काका," ती म्हणाली, "कचेरी चातुर्मासातही उघडी असते. आणि तिसरी सही माझी आहे."

"नोकरी गेली तर?"

"माझी जाईल. तुमची नाही."

व्यंकटराव चहा न घेता उठले. ते गेल्यावर सावनीनं तिथंच, आईच्या आणि नानासाहेबांच्या समोर, लॅपटॉप उघडला आणि दुसरं पत्र लिहिलं. लिहिता लिहिता ती मोठ्यानं वाचत होती.

'आपलं उत्तर मिळालं. पंचवीस जुलैआधी मी उपलब्ध नाही. ही आता विनंती नाही, माहिती आहे. दोन करारांच्या मधल्या काळात मी कोणत्याही जहाजाला बांधलेली नाही. बढतीबाबत आपण काय करायचं ते करावं, पण फाइलमध्ये कारण नीट लिहावं. मागच्या पत्रात मी घरचं कार्य असं लिहिलं होतं, ते दुरुस्त करते. कारण : आईचं लग्न.'

"पाठवू?" तिनं आईला विचारलं.

भानुमतीनं खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी येऊन बसली. "'लग्न' या शब्दाआधी माझं नाव पण लिही," ती म्हणाली. "भानुमती देशपांडे. आई म्हणजे कुणाचीही असते."

सावनीनं नाव घातलं आणि पत्र पाठवलं.

दहा जूनला नोटीस दिली. ती कचेरीच्या फलकावर लागली आणि चार दिवसांत व्यंकटराव तिथं पोचले. हरकत घ्यायची म्हणाले. तिथल्या बाईंनी विचारलं, दोघांपैकी कोणाचा जोडीदार हयात आहे का, कोणी वयानं लहान आहे का, नात्यातले आहेत का, वेडसर आहेत का. व्यंकटराव म्हणाले, तसं काही नाही, पण घरात पसंत नाही. बाई म्हणाल्या, पसंत नाही यासाठी अर्जाचा नमुना नाही. हे सारजाबाईंनी सांगितलं. त्या कचेरीत त्यांची भाची होती. भानुमती त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं हसली.

अठरा जून आला. फुजैराहला दुसरा अधिकारी गेला. त्याला जायला चार दिवस उशीर झाला, तेवढे दिवस तिथला माणूस अडकला. सावनीला ते लागलं. तिनं त्याला निरोप पाठवून माफी मागितली. त्याचं उत्तर दोन शब्दांचं होतं, 'ठीक आहे.' ते ठीक नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

पंधरा जुलैला लग्न झालं. आभाळ कोरडंच होतं आणि कचेरीतला पंखा बंद होता. नानासाहेबांनी नवा सदरा घातला होता. सही त्यांनी इतकी जपून, अक्षरागणिक थांबत केली, की धोंडिबा म्हणाले, "अरे, मोजणीच्या कागदावर तर लई जोरात करायचास." भानुमतीनं वळणदार कारकुनी अक्षरात सही केली. तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी सावनीनं पूर्ण नाव लिहिलं आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, जहाजावरील अधिकारी. जेवण करमाडला होतं. नानासाहेबांच्या चुलतसुनांनी केलेलं मटण, आणि भानुमतीसाठी वेगळी वांग्याची भाजी. तीही तितकीच तिखट.

दातारांचा फोन सव्वीस जुलैला आला.

"सिंगापूरला जहाज आहे, पाच ऑगस्ट. सेकंड ऑफिसर म्हणूनच. यादीत तू चार नावं खाली गेलीस, अजून दोन करार तरी लागतील. मी भांडलो, पण उपयोग झाला नाही."

सावनीनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली पाण्याचा टँकर आला होता आणि अख्खी इमारत नळ्या घेऊन उभी होती.

"येते," ती म्हणाली. "पण पाच महिन्यांचा करार द्या, सहाचा नाही. आणि तारखेला उतरवायचं. लेखी पाठवा."

"अजून अटी घालतेस?"

"विचारते आहे, सर. नाही म्हणालात तर दुसरीकडे विचारीन. तेलवाहू जहाजाचे सेकंड ऑफिसर रस्त्यावर पडलेले नसतात."

"ते खरंय," दातार म्हणाले. पाच महिन्यांचं लेखी पत्र संध्याकाळपर्यंत आलं.

सिंगापूरला जहाजावर चढल्यावर तिला चीफ ऑफिसर भेटला, तो अमेय जोशी. कॉलेजात तिच्या एक वर्ष मागं होता. आता त्याच्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या आणि तिच्या दोन. सगळ्यांसमोर त्याला 'सर' म्हणणं तिला जड गेलं. तरी ती म्हणाली, आणि नकाशांचा ताबा घेतला.

दुपारी बारा ते चारचा पहारा तिचा होता. तीनच्या सुमारास अमेय ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत, आला, थोडा वेळ दुर्बिणीतून पाहत राहिला आणि संकोचून म्हणाला, "बढतीच्या यादीत तू माझ्या वर होतीस म्हणे. मागं का राहिलीस?"

"आईचं लग्न होतं."

अमेयनं दुर्बीण खाली केली. तो हसेल की गप्प बसेल, याची सावनीनं वाट पाहिली नाही. ती पुढच्या वळणाचं अंतर मोजत होती.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

"झकास," ती म्हणाली. "जेवण जरा तिखट होतं. सर, डावीकडून मासेमारीची बोट येतेय, मी वीस अंश उजवीकडे घेते."