चारशे एकखालचं छत

तक्रारीचं पत्र मी पाकीट न फोडताही ओळखते. बिल्डरच्या ऑफिसात चौदा वर्षं तक्रारींचं टेबल सांभाळल्यावर एवढं येतंच. जाड पाकीट असेल तर आत शिव्या, पातळ असेल तर विनवण्या. छताच्या ओलीचा फोटो बहुतेक पत्रांना जोडलेला असतो आणि तो बहुतेक वेळा इतका हललेला असतो, की छत कुठलं आणि पंखा कुठला ते कळत नाही. लोक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण खरं सांगतानाही चार पळ्या वाढूनच सांगतात, म्हणून मी कोणावरही विश्वास ठेवत नाही. माझा स्वभावच तसा आहे, आणि त्याच स्वभावावर माझी नोकरी टिकली आहे.

एकोणीस तारखेला आलेलं पत्र मात्र जाडही नव्हतं आणि पातळही नव्हतं. तीनशे एक नंबरच्या फ्लॅटमधले निवृत्त ग्रंथपाल ते स्वतः घेऊन आले होते. एक पान, तीन मुद्दे. न्हाणीघराबाहेरच्या बोळात छताला ओल आली आहे. वरचा चारशे एक नंबरचा फ्लॅट अजून विकला गेलेला नाही, तो कंपनीच्याच ताब्यात आहे. सबब दुरुस्ती करावी, आणि ताबा देण्याआधी न्हाणीघरांची पाणी भरून जी चाचणी झाली, तिच्या अहवालाची प्रत द्यावी. सोबत फोटो. तो अगदी स्वच्छ, डागाला मोजपट्टी लावलेली आणि शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरलेलं.

मी नेहमीचं उत्तर टाइप करायला घेतलं होतं. वरच्या फ्लॅटधारकाने फरश्या बदलल्यामुळे गळती झाली असून कंपनी जबाबदार नाही, असा तो मसुदा माझ्या बोटांना पाठ आहे. 'वरच्या फ्लॅटधारकाने' इथवर आले आणि थांबले. वरचा फ्लॅटधारक म्हणजे आम्हीच.

ग्रंथपाल समोर उभेच होते. त्यांना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख हवी होती. मी म्हटलं, साहेब नाहीत, ते आल्यावर बघू. ते म्हणाले, हरकत नाही, मी उद्या येतो. भांडले नाहीत, याचंच मला नवल वाटलं.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. इमारतीचा ताबा देऊन या तीस तारखेला पाच वर्षं पूर्ण होत होती. तोवर बांधकामातला दोष लेखी कळवला आणि ऑफिसची पोच घेतली, तर दुरुस्ती आमच्या खर्चाने. एकतीस तारखेपासून ज्याचं त्याने बघायचं. करारात तसं कलमच आहे. साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, की पाणी भरून चाचणी करतात हे सामान्य माणसाला माहीत नसतं. हे पत्र आपल्यातल्या कोणीतरी लिहून दिलंय. तो कोण ते शोधा, आणि तोवर शिक्का मारू नका. एकाला दुरुस्ती करून दिली की अठ्ठेचाळीस फ्लॅटची सगळी इमारत रांगेत उभी राहील.

पत्र माझ्या खणात गेलं. घरभेदी शोधण्याचं काम मिळाल्यावर मला बरंही वाटलं, ते कशाला लपवू? मी सगळ्यांना तपासायला लागले. साइट इंजिनीअरला बढती नाकारली होती, त्याच्या मनात अढी असणार. स्टोअरकीपर ग्रंथपालांकडून कादंबऱ्या आणून वाचतो, हे तर सरळसरळ संगनमत. वॉचमन मला पाहून उगाच हसला, त्याचाही संशय आला. ग्रंथपाल रोज अकरा वाजता येत, बाकावर बसत, साडेबाराला जात. रोज मी सांगायची, साहेब बाहेर आहेत. ते म्हणत, हरकत नाही.

सव्वीस तारखेला मी फोटो पुन्हा काढला आणि या वेळी डाग सोडून मोजपट्टीकडे पाहिलं. तिचा पहिला इंच तुटलेला होता आणि टोकाला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मी ओळखली. त्याच पट्टीने माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याचं माप घेतलं होतं. माप झालं की तो दर वेळी तोंडाने म्हणायचा, "एक इंच वजा." माझा धाकटा भाऊ. आमच्याच कंपनीत प्लंबिंगचा सुपरवायझर. नोकरीला मीच लावलेला.

विकल्या न गेलेल्या फ्लॅटच्या चाव्या माझ्या कपाटात असतात. चारशे एकची चावी जागेवर होती आणि नोंदवहीत कोणी नेल्याची नोंद नव्हती. पण दुसरी चावी प्लंबिंगवाल्यांकडे असते, हे मलाच ठाऊक. माझ्या डोक्यात नको नको ते आलं. तो फ्लॅट त्याने गुपचूप कोणाला राहायला दिला असेल. तिथे कोणी अंघोळी करत असेल, आणि त्याचंच पाणी खाली उतरत असेल. चाव्या तपासायच्या आहेत असं सांगून मी दुपारी साइटवर गेले.

फ्लॅटमध्ये माणसाच्या वावराची काही खूण नव्हती. सगळीकडे धूळ, आणि धुळीत बुटांची एकच वाट, थेट न्हाणीघरापर्यंत गेलेली. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर सिमेंटचा तीनेक इंच उंच बांध घातला होता. आत जमिनीवर पाणी साचलं होतं. मोरीचं तोंड बोळे कोंबून, वर सिमेंट लिंपून बंद केलेलं. भिंतीच्या फरशीवर पेन्सिलच्या रेघा, एकीखाली एक, प्रत्येकीजवळ तारीख आणि वेळ. सगळ्यात वरची रेघ जमिनीपासून दोन इंचांवर होती. पाणी आता तिच्या कितीतरी खाली होतं.

मागून पावलं वाजली. धाकटा दारात उभा होता. मला पाहून तो दचकला नाही, फक्त थकल्यासारखा भिंतीला टेकला.

"अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवायचं असतं," तो म्हणाला. "उन्हावाऱ्याने थोडं कमी होतं, केसभर. हे पहिल्याच रात्रीत बोटभर उतरलं. मी पुन्हा भरलं, अजूनही भरतोच आहे. तिसऱ्या दिवशी खाली डाग आला."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, एका भल्या माणसाच्या चांगल्या छताची तू वाट लावलीस आणि वर त्यालाच पत्र देऊन पाठवलंस. त्याने सांगितलं, की ग्रंथपालांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, भर पाणी, खरं काय ते कळू दे. शिवाय, धाकटा म्हणाला, पाणी भरल्यावर गळत असेल, तर तो पाणी भरणाऱ्याचा दोष नाही.

मग त्याने उरलेलंही सांगितलं. पाच वर्षांपूर्वी ताबा द्यायची घाई होती, म्हणून एकाही न्हाणीघरात पाणी भरलं गेलं नव्हतं. अठ्ठेचाळीस अहवालांवर त्याने एका दुपारी सह्या केल्या होत्या. आता निम्म्या घरांत ओल आहे. लोक दर वर्षी रंग मारून डाग झाकतात आणि वरच्याशी भांडतात, कारण आम्हीच त्यांना तसं लिहून कळवतो. तीनशे चार आणि चारशे चार एकमेकांशी बोलत नाहीत. तिथल्या वरच्या बाईंनी आजवर एक फरशीसुद्धा बदललेली नाही. चारशे एक त्याने मुद्दाम निवडला होता. वर कोणी राहतच नाही म्हटल्यावर कंपनी ढकलणार कोणावर? हा एक दोष नोंदला गेला, की त्याच्या आधारावर बाकीच्यांनाही तीस तारखेच्या आत पत्रं देता येतील.

तीनशे चारला गेलेलं उत्तर मीच टाइप केलं होतं. त्या दुपारचे ते अठ्ठेचाळीस अहवालही. 'पाण्याची पातळी कायम, गळती आढळली नाही,' हे वाक्य अठ्ठेचाळीस वेळा. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला त्या दिवशी एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं, की एवढं पाणी एका दुपारी भरलं कधी आणि मोजलं कधी.

"हे सगळं करायच्या आधी मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "पत्र माझ्याच टेबलावर येणार हे तुला माहीत होतं."

त्याने खिशातून पेन्सिल काढून पाण्याच्या पातळीवर नवी रेघ ओढली.

"सांगितलं असतं तर तू साहेबांना सांगितलं असतंस, ताई."

ते खरं होतं. म्हणूनच इतकं लागलं. मी जिना उतरले. त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ग्रंथपालांकडे मान वर करून बघवलं नाही. त्या दिवशीही मी त्यांना तेच सांगितलं, साहेब बाहेर आहेत. शिक्का मारला तर आज ना उद्या जुने अहवाल निघणार आणि त्यांवर धाकट्याची सही सापडणार. नाही मारला, तर तीस तारीख उलटणार आणि निम्म्या इमारतीतली भांडणं जन्मभर चालणार. एकीकडे आईने माझ्या पदरात घातलेला भाऊ, दुसरीकडे ज्यांची तोंडंही मला धड आठवत नाहीत अशी माणसं. संध्याकाळी मी धाकट्याला फोन करून एवढंच विचारलं, की नोकरी गेली तर काय करशील. तो म्हणाला, हातात पाना आहे, उपाशी मरणार नाही. पत्र लिहिताना ते धरूनच चाललो होतो.

अठ्ठावीस तारखेला अकरा वाजता ग्रंथपाल बाकावर बसायच्या आत मी त्यांना टेबलापाशी बोलावलं. आवक नोंदवहीत क्रमांक टाकला, विषय लिहिला, दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, तारीख घातली, खाली सही केली. त्यांनी प्रत हातात घेतली, पण लगेच खिशात ठेवली नाही. तारीख पाहिली, सही पाहिली, नोंदवहीतला क्रमांक प्रतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मग आभार मानून गेले. मला राग यायचं काही कारण नव्हतं.

पत्र घेऊन मी साहेबांसमोर गेले. शिक्का दिसताच ते म्हणाले, "तुम्हाला थांबायला सांगितलं होतं."

"हो."

"कोणी शिकवलं त्यांना?"

"चाचणी झालीच नव्हती, साहेब. ते अहवाल मी टाइप केले होते. आता चौकशी करायची तर माझ्यापासून सुरू करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. चौदा वर्षं मी लोकांकडे जसं बघत आले, अगदी तसंच. मग त्यांनी हात पुढे केला आणि कपाटाच्या चाव्या मागितल्या. मी चाव्या टेबलावर ठेवल्या. ते म्हणाले, अहवालांवर सुपरवायझरचीही सही असेल ना? मी म्हटलं, आहे. त्यांना सगळं कळलं असावं. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

बाहेर येऊन मी धाकट्याला फोन लावला. नोंद झाली, क्रमांक पडला, आता कोणी पत्र गिळू शकत नाही, एवढं सांगितलं. चाव्यांचं मात्र सांगितलं नाही, पण त्याला आवाजावरून कळलं असणार.

"ताई, परवा मी तुला तसं बोलायला नको होतं," तो म्हणाला. "मी तुला ओळखायला चुकलो."

"चुकला नाहीस," मी म्हटलं. "परवापर्यंत मी तशीच होते."