गुरुवारी अकराला नको

सोमवारी सकाळी इस्पितळाच्या खरेदीबाईंचा निरोप आला, तेव्हा मी घडीच्या टेबलाशी उभी होते. सूनबाई मोबाईल घेऊन आली. तिचा चेहराच सांगत होता की आत काही गोड लिहिलेलं नाही.

"आई, त्या येतायत. गुरुवारी सकाळी अकराला. लॉन्ड्री बघायला."

माझ्या हातातली चादर तशीच अर्धी घडी होऊन राहिली.

आमच्या लॉन्ड्रीचं निम्मं काम त्या एका इस्पितळाचं. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे गाऊन. जुने खरेदीसाहेब निवृत्त झाले. ते वर्षातून एकदा यायचे, चहा प्यायचे आणि सही करून जायचे. त्यांच्या जागी आलेली ही बाई कागदावर चालणारी. शहराबाहेर एक मोठी नवी लॉन्ड्री निघाली आहे, आणि ती इस्पितळाच्या दारात रोज उभी. यंदाचं काम कोणाला द्यायचं ते शुक्रवारी सकाळी दहाला त्यांची समिती ठरवणार, हे आम्हाला आधीच कळलं होतं. काम गेलं तर माझ्याकडच्या बावीस बायकांपैकी दहा-अकरा जणींना मला घरी बसवावं लागणार. कोणाला बसवायचं, ते मी आठ दिवस मनातल्या मनात ठरवत होते, आणि दर वेळी पहिल्याच नावाला अडखळत होते.

आणि गुरुवारी अकरालाच बॉयलरचा सरकारी तपासनीस येणार होता.

ज्यांनी बॉयलर बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं धुणं, वाळवणं आणि इस्त्रीचा मोठा रोलर, सगळं वाफेवर चालतं. वर्षातून एकदा बॉयलर थंड करून, रिकामा करून, झाकणं उघडून तपासनिसाला आतून दाखवावा लागतो. त्या दिवशी लॉन्ड्री म्हणजे निव्वळ गोदाम. यंत्रं गप्प, रोलर गार, बायका घड्या घालत बसलेल्या. तेव्हा बघणारा काय म्हणेल? धंदा बसलाय म्हणेल.

"नाही सांगू या," थोरला म्हणाला. माझा थोरला मुलगा हिशेबाला हुशार, बोलायला दगड. त्याने तिथल्या तिथे टाईप केलं आणि मला वाचून दाखवलं, "गुरुवारी जमणार नाही."

"एवढंच?"

"मग अजून काय लिहायचं?"

"दार आपटून झालं, आता कडीही लाव! अरे, समोरून माणूस घरी येतो म्हणतोय आणि तू त्याला पायरीवरून परत पाठवतोस?"

सूनबाईने दुसरं लिहिलं. त्यात माफी तीनदा, अडचणी पाच, आणि शेवटी 'आपल्याला सोयीचं असेल तेव्हा कधीही या.' मी कपाळावर हात मारला.

"पाच कारणं दिली की पाचही खोटी वाटतात. आणि 'कधीही या' काय? त्या म्हणतील, बरं, गुरुवारी अकराला येते. मग?"

मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. आधी आनंद झाला म्हणून लिहायचं, कारण खरंच झाला होता, भीतीच्या खालून का होईना. मग नकार, एकाच ओळीत. मग आपणच वेळ द्यायची, एक दिवस आणि एक घटका. समितीच्या आधीची वेळ हवी, नाहीतर नकाराला गोड शब्द लावून उपयोग नाही. बुधवारी दुपारी चार ते सहा. तेव्हा इस्पितळाच्याच चादरी रोलरवर असतात.

"कारण काय लिहू?"

"आधी ठरलेलं काम आहे, लिही."

"बॉयलरचं नको?"

"नको. बॉयलर म्हटलं की जुना झालाय, बिघडलाय, असंच येतं मनात. आपलं पोट उघडून कोणाला दाखवायचं नाही."

हे माझंच बोलणं. नंतर ते माझ्याच अंगाशी आलं.

निरोप गेला. मग सुरू झालं ते वाट बघणं. मी मोबाईलकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तासाभरात सूनबाईला सात वेळा विचारलं. पिळणीचं मशीन थांबलं की मला वाटायचं फोन वाजला. सूनबाई म्हणाली, "आई, त्यांनी वाचलंय. दोन निळ्या खुणा आल्यात."

"मग उत्तर का नाही?"

"विचार करत असतील."

"माणूस विचार करायला लागला की नाहीच म्हणतो."

बारा वाजून गेल्यावर उत्तर आलं. 'बुधवारी चार चालेल. भेटू.' सूनबाईने मला मिठीच मारली. थोरला म्हणाला, "बघ, झालं की!" जसं काही त्यानेच केलं. मी चहा सांगितला सगळ्यांना.

चहा प्यायला वाफेकाका आले. आमच्या बॉयलरवर सत्तावीस वर्षं आहेत, माझ्या लग्नाच्या नात्यातले कोणी नाहीत, पण घरातल्या कोणापेक्षाही मला जास्त ओरडतात. कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कसला आनंद?"

मी सांगितलं. बुधवारी चार.

काका चहा प्यायचे थांबले. "कुठल्या बुधवारी?"

"परवाच्या."

"वहिनी, उद्या संध्याकाळी सहाला मी आग काढतोय."

"उद्या कशाला? तपासणी गुरुवारी आहे ना?"

"आणि बॉयलर काय फुंकर मारून थंड करू? विटांची भट्टी आहे ती. आग काढली की दिवसभर नुसतं निवू द्यायचं. मग पाणी सोडायचं, मग झाकणं, मग आत शिरून खरवडायचं. परवा चारला तुमचा रोलर माझ्या कपाळाइतका गार असेल."

 थोरल्याने हातातला कप टेबलावर ठेवला.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. गेली नऊ वर्षं तपासणी सोमवारी यायची. शनिवारी काम संपलं की काका आग काढायचे, रविवारी सुट्टी, सोमवारी तपासनीस. तो मधला दिवस आमच्या हिशेबात कधी आलाच नाही, कारण तो सुट्टीतच जिरायचा. यंदा गुरुवार दिला आणि आम्ही सगळे एकच दिवस मोजत बसलो.

"तपासणी पुढे ढकला," थोरला म्हणाला.

"परवान्याची मुदत शनिवारी संपते," काका म्हणाले. "तारीख चुकली तर बॉयलर पेटवायलाच बंदी. मग बघा चादरी उन्हात वाळवून."

"मग बुधवारी येऊ दे त्यांना. घड्या दाखवू."

"गप्प बस," मी म्हणाले.

एकदा नाही म्हटलं होतं. आता आम्हीच दिलेल्या वेळेला आम्हीच नाही म्हणायचं.  कोणी मला असं केलं असतं तर मी त्या माणसाला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

सूनबाईने मोबाईल उचलला. "काय लिहू, आई?"

"लिहू नकोस. नंबर लाव."

लिहिलेल्या नकाराला आवाज नसतो. पहिला खपला, दुसरा खपला नसता. घंटी वाजत होती आणि मी मनात तीन-चार बहाणे लावून बघत होते. आजारपण? मी एरवी दुसऱ्यांचे असले बहाणे दुरून ओळखते. बाईंनी फोन उचलला.

"बोला."

"मी लॉन्ड्रीवाली आजी बोलतेय. बाई, तुम्ही बुधवार मान्य केलात, बरं वाटलं. पण बुधवार मी चुकीचा दिला. माझी चूक."

पलीकडून कोणीतरी कागद उलटल्याचा आवाज.

"गुरुवार नको, बुधवार नको. नक्की काय चाललंय तुमच्याकडे?"

मग मी सगळं सांगितलं. वर्षाची तपासणी, थंड बॉयलर, मधे लागणारा पूर्ण दिवस, आणि आम्ही तो कसा मोजलाच नाही ते. "तुमच्या दोन दिवसांच्या चादरी आणि गाऊन आज-उद्याच जास्तीचे धुऊन बांधून ठेवतो, तुमचं काम अडणार नाही. पण तुम्ही याल ते काम चालू असताना यावं, असं माझ्या मनात आहे. गार यंत्रं बघून तुम्ही समितीला काय सांगाल? उद्या मंगळवारी दुपारी दोन ते सहा, यातली कुठलीही वेळ घ्या. शुक्रवारी समितीच्या आधी आमची वाफ तयार होणार नाही, म्हणून शुक्रवार मी देत नाही."

"उद्या मी साडेचारपर्यंत मीटिंगमध्ये आहे. तिथून तुमच्याकडे यायला पाऊण तास."

सव्वापाच. सहाला आग जाणार. पाऊण तासात गाऊनचा विभाग, धुणं, वाळवणं, रोलर, सगळं कसं होईल? मी फोन छातीशी धरून काकांकडे बघितलं. ओठांनीच विचारलं, "सात?"

काकांनी मान हलवली. नाही. मग वर छताकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि हाताने अर्धा दाखवला.

"साडेसहापर्यंत आग चालू ठेवतोय, बाई. तुम्ही या. घाई नको."

"नक्की? परत फोन नाही ना येणार?"

"आला तर तुमच्या आभाराचा येईल."

त्या हसल्या की नुसता श्वास सोडला, ते मला कळलं नाही. "ठीक आहे," म्हणाल्या. फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला त्या आल्या नाहीत. साडेपाच झाले. थोरला फाटकाशी, सूनबाई खिडकीशी, काका भट्टीशी आणि मी सगळीकडे. रोलरवरच्या बाईला मी विनाकारण दोनदा ओरडले. ती म्हणाली, "आजी, तुम्ही बसता का? चादरीला सुरकुती पडतेय तुमच्यामुळे." सहाला वीस मिनिटं असताना गाडी आली.

बाई ठेंगण्या, चष्म्यातल्या, बूट साधे. चहाला नको म्हणाल्या. मळक्या कपड्यांचं दार कुठलं, स्वच्छ कुठून बाहेर पडतं, दोन्हींच्या गाड्या एक होतात का, पाण्याचं तापमान कोण बघतं, एवढंच विचारत गेल्या. सगळं त्यांनी वहीत लिहिलं. रोलरमधून निघालेली गरम चादर हातात घेऊन काठ चाचपला. मग भट्टीशी जाऊन काकांना विचारलं, "माझ्यासाठी थांबलात?"

"तुमच्यासाठी नाही," काका म्हणाले, "वहिनींच्या तोंडाला भिऊन."

मला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. बाई मात्र मोठ्याने हसल्या.

साडेसहाला पाच मिनिटं असताना त्या निघाल्या. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "आजी, एक सांगू? 'आधी ठरलेलं काम' असं लिहिलंत तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या इस्पितळाला वेळ दिली. तपासणी आहे असं पहिल्याच निरोपात लिहायचं होतं. तपासणी वेळेवर करून घेणारी लॉन्ड्री मला हवीच आहे."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं; बॉयलरचं नाव नको म्हणणारी मीच होते. 

"समितीत काय ठरेल ते मी आज सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण तीन महिन्यांनी मला परत बघायला यायचं असेल. तुम्हाला कुठला वार बरा पडतो?"

तीन महिन्यांनी. थोरल्याने माझ्याकडे बघितलं. सूनबाईने माझा पदर घट्ट धरला. तोंडावर 'कुठलाही' आलं होतं, अगदी जिभेच्या टोकावर.

"थांबा हं, बाई," मी म्हणाले, आणि भट्टीकडे तोंड करून ओरडले, "काका! इकडे या आधी!"