दहाही आकडे बरोबर

फोन वाजला तेव्हा किल्लीवाल्याच्या तोंडात दोन स्क्रू होते. ते हातावर काढून त्याने फोन कानाला लावला.

"नमस्कार मास्तर. आवाज बसलाय का तुमचा?"

"नमस्कार. नाही, बराय. तुम्ही कशा आहात?" सवयीने बोलून गेला. बाई लगेच सुरू झाल्या. सुनेला मुलगी झालीय, नाव मास्तरांनीच सुचवायचं.

खेकसून 'राँग नंबर' म्हणायला अक्कल लागत नाही. पण एकदा ख्यालीखुशाली विचारून झाली की मधेच तोडणं म्हणजे समोरच्याचं तोंड फोडणं. आणि हं-हं करत परक्याचं घर ऐकत बसणं, ती शुद्ध चोरी. बाईंनी श्वास घेतल्यावर तो म्हणाला, "ताई, राग मानू नका, मी मास्तर नाही. कोण बोलतंय ते आधी मीच विचारायला हवं होतं."

"अगंबाई. आणि मी आपली बडबडतेय."

"असू द्या. कुठला नंबर लावलात? वाचून दाखवा बरं."

बाईंनी वाचला. दहाही आकडे त्याचेच.

"तुमचं चुकलं नाही. सहा महिन्यांपूर्वी नवीन सिम घेतलं, तेव्हा मला हा मिळाला. मास्तरांचा बंद पडला असणार, बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. परत लावलात तरी मीच उचलेन. ओळखीतल्या कुणाकडून त्यांचा नवा घ्या."

"सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर मास्तर टाळतायत असंच वाटलं असतं. ठेवते दादा."

"ठेवा. नातीला आशीर्वाद."

फोन ठेवला आणि त्याला स्वतःचा जुना नंबर आठवला. हे सिम घेण्याआधी खुब्याचं हाड मोडून तो पाच महिने अंथरुणात होता. रिचार्ज कोण करणार? जुना नंबर गेला. भांडून गेलेली लेक म्हणाली होती, मीच फोन करीन. तिच्याकडे तोच एक होता. आणि हा सहा महिने तिला शिव्या घालत होता, माजलीय म्हणून.

जुना नंबर पाठ होता. लावला.

"नमस्कार. हा नंबर आधी माझा होता. एखाद्या मुलीचा फोन..."

"बाबा आहेत का, बाबा आहेत का, तीच ना? चार-पाचदा केला तिने. राँग नंबर म्हणून आपटला मी. तरी ऐकेना, मग ब्लॉकच केली."

"तिचा नंबर असेल?"

"तो हँडसेट विकला हो काका, नंबर त्यातच गेला. दोन महिने झाले. नव्यावर काही आली नाही ती."

"आलीच तर माझा नंबर द्याल तिला?"

"सांगा."

तो एकेक आकडा सांगू लागला. पलीकडून एकही परत म्हटला जात नव्हता. सातव्याला तो माणूस दुसऱ्याच कुणाला तरी पंखा लाव म्हणाला. किल्लीवाल्याने उरलेले तीनही आकडे सावकाश सांगितले आणि त्याचे आभार मानले.