चौथा आठवडा

कॅरोलिस जयतुंग, त्यांचे पुत्र विल्मट, विल्मट यांचा चंदन: तिघांनीही श्रीलंकेतल्या माताऱ्याच्या आमच्या शाळेसाठी वेगवान गोलंदाजी केली. विल्मट माझे यजमान, चंदन माझा मुलगा. चंदनचा सविंदू यंदा संघात आला आणि घराण्याची परंपरा राखली गेली, असे मी मानले.

प्रशिक्षक निमलसिरी यांनी हंगामापूर्वीचे आठ आठवडे आखले होते. आरंभी अर्ध्या वेगाने मोजके चेंडू, मग दर आठवड्याला थोडी वाढ. चौथ्यात मुद्दाम उतार, कारण चढवलेला भार हाडामांसात मुरायला उसंत लागते. पुढे पूर्ण वेग, सामन्याइतकी षटके, आणि अखेरीस पुन्हा हलके. ऑगस्टच्या उन्हात मुले सुकवलेल्या मासळीसारखी दिसत. नुसते पाहून मीही थकत असे.

चौथ्या आठवड्यात चंदन भडकला. "विश्रांती? आम्ही अंधार पडेपर्यंत टाकायचो! चल, पुता."

रोज सायंकाळी तो सविंदूला गुपचूप माजी विद्यार्थ्यांच्या नेटमध्ये नेई. तेथे पोटे सुटलेल्या वकिलांना पोर जीव तोडून चेंडू टाकी.

पाचव्या आठवड्यात निमलसिरींनी त्याला मध्येच थांबवले. एका पायावर उभे करून मागे वाकवले. पोराचे तोंड पांढरे पडले.

"मागचा आठवडा हलका होता ना रे?"

"हो, सर."

"मग खोटं कोण बोलतंय, तू की तुझी कंबर?"

सविंदूने कडेला उभ्या बापाकडे पाहिले.

तपासणीत मणक्याचे हाड सुजलेले निघाले. अजून तडा गेला नव्हता. निमलसिरी संध्याकाळी घरी आले. "काही महिने चेंडू बंद. मग पहिल्या आठवड्यापासून नव्याने. मार्चचा, प्रतिस्पर्धी शाळेशी होणारा मोठा सामना कदाचित मिळेल."

"सुरुवातीचे सामने गेले तर जागाही गेली!" चंदन ओरडला. "शाळेच्या क्रिकेट समितीला सांगून तुम्हालाच काढतो."

"काढा. हाड काही समितीचं ऐकत नाही."

"अम्मा, तुम्ही बोला. तुमचा शब्द कोण मोडतो?"

घरात वा समितीत, कोणीच मोडत नसे. मी निमलसिरींकडे पाहिले. ते शाळकरी असताना मोठ्या सामन्यात विल्मट यांनी, तेव्हाचे प्रशिक्षक म्हणून, त्यांना एका टोकाकडून दिवसभर राबवले होते, आणि दुसऱ्या दिवशीही. ढाल शाळेला मिळाली. निमलसिरींची पाठ कायमची गेली. आम्ही फळांची करंडी पाठवली होती. त्याविषयी त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही.

"चंदन, गाडी काढ. आज समितीची बैठक आहे, आत्ता तिकडे. निमलसिरी, तुम्हीही चला."

तेथे मी उभी राहूनच बोलले: निमलसिरी राहतील, माझा नातू ते सांगतील तेव्हाच चेंडू हाती घेईल, आणि त्यांच्या आखणीत यापुढे कोणाही बापाने वा माजी विद्यार्थ्याने हात घातला, तर त्याचा मुलगा संघाबाहेर. हा नियम प्रथम आम्हा जयतुंगांनाच लागू. तसा ठराव झाला. चंदन मान खाली घालून बसला.

बाहेर मी म्हणाले, "निमलसिरी, माझ्या यजमानांनी तुमची पाठ घेतली. परत देता येत नाही. दुसऱ्या कोणाची जाणार नाही, एवढं आज बांधून दिलं."



"फिटलं, मॅडम. सगळं फिटलं," ते म्हणाले, आणि कमरेवर हात ठेवून सावकाश पायऱ्या उतरले.